यंत्र-वैयाकरणाची निळी रेघ

ग्रंथावर टीका करणाऱ्याला निदान एक बंधन असते. आपण दिलेल्या निवाड्याचे कारण त्याला सांगावे लागते. कै. मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले, तेव्हा आधीच्या वैयाकरणांची मते त्यांनी नुसती खोडली नाहीत. ती कोठे टिकत नाहीत हे उदाहरणे देऊन दाखविले, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालण्याची सोय आजही वाचकाला आहे. परंतु अलीकडे आमच्या सुशिक्षित घरांतून एक असा टीकाकार येऊन बसला आहे की, त्याला हे बंधन फारसे मान्य नाही. संगणकावर इंग्रजी मजकूर लिहू लागताच तो शब्दाखाली निळी रेघ ओढतो, बाजूला दुसरा शब्द मांडतो, आणि फार झाले तर ‘कर्ता व क्रियापद यांचा मेळ नाही’ एवढे एक ठरावीक वाक्य पुढे करतो. तो मेळ कोणत्या कर्त्याशी नाही, हे तो बहुधा सांगत नाही. या टीकाकाराच्या टीकेवरच थोडी टीका करावी, असे आम्ही योजिले आहे.

निमित्त असे घडले. येथील धरमपेठेत राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांची कन्या शेतकी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. परदेशातील एका विद्यापीठाकडे पाठविण्यासाठी तिने काटोल व वरुड या भागांतील संत्र्याच्या बागांवर इंग्रजीत एक निबंध लिहिला होता. त्याचा मुद्दा स्वच्छ होता: दुष्काळात साऱ्या बागांचे सारखे नुकसान होत नाही, ज्या बागा केवळ विहिरींवर अवलंबून असतात त्यांना अधिक झळ लागते, आणि ज्यांना धरणाचे पाणी मिळते त्या तुलनेने तगून राहतात. निबंध पाठविण्यापूर्वी तो आमच्या नजरेखालून जावा म्हणून ती घेऊन आली. वाचता वाचता आम्ही दुसऱ्याच पानावर थबकलो. कारण तेथे साऱ्याच बागा विहिरींवर चालतात असे लिहिलेले होते, आणि पुढचा सारा निबंध त्याच्या उलट बोलत होता. विचारले तेव्हा ती म्हणाली, “काका, एकूण तेरा ठिकाणी रेघा आल्या. त्या पाहून माझा धीरच सुटला. म्हणून सगळ्याच सूचना मान्य करून टाकल्या.” सुदैवाने मूळ प्रत तिने जपून ठेवली होती. आम्ही दोघांनी ती तेराही स्थळे एकेक करून तपासली, आणि त्यांपैकी दहा ठिकाणी तिचे मूळ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते असे आढळले.

त्यांपैकी एक वाक्य प्रथम घेऊ. तिने लिहिले होते, ‘द ट्रेडर्स ऑफ नागपूर सेंड देअर बेस्ट फ्रूट टु बेंगॉल’. म्हणजे, नागपूरचे व्यापारी आपले उत्तम फळ बंगालकडे पाठवितात. यंत्राने ‘सेंड’खाली रेघ ओढून ‘सेंड्स’ सुचविले. का सुचविले? ‘सेंड’च्या लगत मागे ‘नागपूर’ हा शब्द आहे, आणि नागपूर एकच आहे. यंत्राने जवळचे नाम कर्ता मानले. खरा कर्ता ‘ट्रेडर्स’ दोन शब्द मागे राहिला. मराठीत हा घोटाळा सहसा होत नाही, आणि त्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. आपण ‘नागपूरचे व्यापारी’ म्हणतो. षष्ठीचे पद आधी येते आणि मुख्य नाम मागून येऊन क्रियापदाकडे तोंड करून उभे राहते. इंग्रजीत मुख्य नाम आधी येते आणि त्याचे शेपूट मागे लोंबते. कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये त्या शेपटातील एखादे परके नाम येऊन बसते. घाईत लिहिणारा मनुष्य जेथे फसतो, तेथेच हे यंत्रही फसते.

तेव्हा अशा रेघेची परीक्षा करण्याचा पहिला मार्ग हा की, क्रियापदाला ‘कोण?’ असे विचारावे आणि ‘ऑफ’पासून सुरू होणारे शेपूट क्षणभर झाकून वाक्य वाचावे. ‘द ट्रेडर्स सेंड’ हे बरोबर, ‘द ट्रेडर्स सेंड्स’ हे उघड चूक, निवाडा झाला. हीच परीक्षा यंत्राच्या बाजूनेही निकाल देते, हे सांगितले पाहिजे. नाही तर आमची टीका एकतर्फी ठरेल. त्याच निबंधात ‘द क्वालिटी ऑफ द ऑरेंजेस हॅव फॉलन’ असे एक वाक्य होते. शेपूट झाकले की ‘द क्वालिटी हॅव’ एवढे उरते. येथे लेखिका चुकली होती आणि यंत्र बरोबर होते.

परंतु कोणत्याही परीक्षेला मर्यादा असतेच. तिसरे एक वाक्य होते, ‘अ नंबर ऑफ वेल्स हॅव ड्राइड अप’; पुष्कळ विहिरी आटल्या आहेत. यंत्र म्हणाले, ‘हॅज’ हवे. शेपूट झाकून पाहिले तर ‘अ नंबर हॅव’ हे चुकीचे वाटते, आणि यंत्राचेच खरे असे मानण्याचा मोह होतो. पण येथे ‘अ नंबर ऑफ’ ही नुसती संख्या नव्हे. तो ‘पुष्कळ’ या अर्थाचा जोडशब्द आहे, आणि आटल्या त्या विहिरी, संख्या नव्हे. त्याच्या जागी ‘मेनी’ घालून पाहावे. ‘मेनी वेल्स हॅव ड्राइड अप’ हे नीट बसते, म्हणून अनेकवचन योग्य. याउलट ‘अ’ऐवजी ‘द’ असते, म्हणजे ‘द नंबर ऑफ वेल्स’, तर तेथे ‘मेनी’ बसलेच नसते. तेथे खरोखर संख्येविषयीच बोलणे असते, आणि क्रियापद एकवचनी लागते. एका अक्षराच्या उपपदाने वाक्याचा धनी बदलतो. शब्दांच्या केवळ शेजारधर्मावरून निर्णय देणाऱ्याला हे कळावे कसे?

येथे या यंत्राच्या घडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास ‘रायटर्स वर्कबेंच’ नावाचा कार्यक्रमसंच तयार झाला, तेव्हापासून पुष्कळ काळ या यंत्रांचा मुख्य आधार म्हणजे माणसांनी लिहून दिलेले नियम हाच होता. अमुक शब्दापुढे अमुक शब्द आला की रेघ ओढावी, अशा स्वरूपाचे ते नियम. डॅनियल नाबर यांनी २००३ साली जर्मनीत आपल्या पदवीच्या प्रबंधातून ज्याचा पाया घातला, ते ‘लँग्वेजटूल’ आजही मोठ्या अंशाने अशा नियमांवर चालते, आणि त्याचे नियम कोणालाही उघडून वाचता येतात. ही त्याची प्रामाणिक बाजू होय. असा नियम किती जपून लिहावा लागतो, हे एका उदाहरणाने कळेल. अशिक्षित इंग्रज कधी कधी ‘कुड हॅव’च्या जागी ‘कुड ऑफ’ लिहितो, कारण उच्चार जवळजवळ सारखा आहे. म्हणून ‘कुड’पुढे ‘ऑफ’ दिसताच रेघ ओढावी असा नियम केला, तर ‘ही कुड ऑफ कोर्स रिफ्यूज’ या अगदी शुद्ध वाक्यावर घाला पडतो. मग ‘पुढे कोर्स आल्यास सोडून द्यावे’ असा अपवाद जोडावा लागतो. अपवाद सुचण्यापूर्वी किती शुद्ध वाक्ये दंडित झाली असतील, याची गणती कोण करणार?

अलीकडची यंत्रे नियमांवरच अवलंबून न राहता उदाहरणांवरून शिकतात. विद्यार्थ्यांची चुकीची वाक्ये आणि शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्या यांचे मोठे संग्रह त्यांना दाखविले जातात. त्यामुळे ती अधिक लवचीक झाली, यात शंका नाही; तथापि ज्या मजकुरावर ती वाढली त्याचा संस्कार त्यांच्यावर राहतो. ज्याने जन्मभर कच्च्या निबंधांचेच गठ्ठे तपासले, त्या परीक्षकाला चांगल्या लेखातही चूक दिसू लागते; आमची सारी हयात इंग्रजी शिकविण्यात गेली असल्यामुळे हा दोष आम्ही स्वानुभवाने जाणतो.

आता त्या दुसऱ्या पानावरील वाक्याकडे वळू. कारण निबंधाचा घात तेथेच झाला होता. मूळ वाक्य होते, ‘द ऑर्चर्ड्स विच डिपेंड ऑन वेल्स सफर्ड मोस्ट’. अर्थ: ज्या बागा विहिरींवर अवलंबून आहेत त्यांचे सर्वांत अधिक नुकसान झाले. यंत्राने ‘विच’खाली रेघ ओढून दोन पर्याय दिले: ‘विच’ काढून ‘दॅट’ घालावे, किंवा ‘विच’च्या आधी स्वल्पविराम द्यावा. मुलीने दुसरा पर्याय घेतला, आणि वाक्य नीट दिसावे म्हणून ‘वेल्स’नंतरही एक स्वल्पविराम दिला. झाले! आता वाक्याचा अर्थ असा झाला की, बागांचे सर्वांत अधिक नुकसान झाले, आणि त्या बागा, तशाच सांगावयाच्या तर, विहिरींवर अवलंबून असतात. जे उपवाक्य काही बागा निवडून काढीत होते, तेच आता साऱ्या बागांचे वर्णन करू लागले. धरणाच्या पाण्याच्या बागा दोन स्वल्पविरामांत बुडाल्या.

हा नियम कोठून आला, याचा इतिहास मनोरंजक आहे. निवडून काढणाऱ्या उपवाक्याला ‘दॅट’ आणि केवळ वर्णन करणाऱ्याला ‘विच’ अशी वाटणी करावी, असे एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध इंग्रजी प्रयोगकोशात सुचविले. सुचविले, हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहो. बहुसंख्य लेखकांचा किंवा उत्तम लेखकांचा प्रघात तसा आहे असे मानणे व्यर्थ होय, हे त्यांनी स्वतःच तेथे मान्य केले होते. पुढे ही सूचना अमेरिकेतील संपादकांनी उचलून धरली, आणि तेथून ती यंत्रात शिरली. म्हणजे एका वैयाकरणाने नम्रपणे बोलून दाखविलेली इच्छा शंभर वर्षांच्या आत निळ्या रेघेचा कायदा होऊन बसली! ब्रिटिश गद्यात निवडून काढणारा ‘विच’ आजही सर्रास आणि निर्दोष मानला जातो. ज्याला अमेरिकन नियतकालिकात लेख द्यावयाचा आहे त्याने ‘दॅट’ लिहावे. त्याने अर्थाला बाध येत नाही. मात्र स्वल्पविरामाचा पर्याय हा दुरुस्ती नव्हे. ते वेगळेच विधान आहे.

म्हणून आमच्या मते सर्वांत खात्रीची परीक्षा ही की, सुचविलेला शब्द किंवा चिन्ह वाक्यात घालून ते वाक्य मनातल्या मनात मराठीत सांगून पाहावे, आणि मूळ वाक्याचे मराठी त्याच्याशेजारी ठेवावे. दोन्ही मराठी वाक्ये एकच निघाली, तर प्रश्न केवळ पसंतीचा किंवा शुद्धतेचा उरतो. ती वेगळी निघाली, तर यंत्र तुमच्या भाषेला नव्हे, तुमच्या म्हणण्याला हात घालीत आहे असे समजावे. दोन भाषा जाणणाऱ्या लेखकाला ही सोय घरचीच आहे, आणि ती त्याने का वापरू नये?

या परीक्षेचा उपयोग कर्मणी प्रयोगाच्या बाबतीत विशेष होतो. त्या निबंधात तीन ठिकाणी ‘कर्मणी प्रयोग टाळा’ अशी सूचना आली होती. कर्मणी प्रयोग ही चूक नव्हेच. यंत्रही तिला चूक न म्हणता शैलीचा दोष म्हणते, परंतु रेघ मात्र तशीच ओढते, आणि घाबरलेल्या लेखकाला दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. पहिले वाक्य, ‘द सॅम्पल्स वेअर कलेक्टेड फ्रॉम काटोल’. नमुने काटोलहून गोळा केले गेले. येथे कोणी गोळा केले याला महत्त्व नाही, कोठून केले याला आहे, कर्मणीच योग्य. दुसरे वाक्य अधिक गमतीचे होते. पहाटे त्या कळमन्याच्या बाजारात गेल्या, तेव्हा ‘द गेट्स वेअर क्लोज्ड’ असे तिने लिहिले होते. हे मराठीत सांगा: फाटके बंद होती. ‘फाटके बंद केली गेली’ असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे येथे ‘क्लोज्ड’ हे विशेषण असून वाक्यात कर्मणी प्रयोग नाहीच. ‘वेअर’ आणि ‘क्लोज्ड’ यांच्यामध्ये ‘स्टिल’, म्हणजे ‘अद्याप’, घालून पाहिले तर अर्थ तसाच राहून वाक्य सुखाने वाचता येते, यावरूनही ती स्थिती आहे, क्रिया नव्हे, हे दिसते. इंग्रजीत दोन्हींचे रूप एकच. मराठीत ती वेगळी पडतात. तिसऱ्या वाक्यात लिलावात भाव ठरविला जातो असे म्हटले होते. तेथे मात्र मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “काका, भाव ठरवतो कोण, हेच तर मला सांगायचं होतं.” तिने ते वाक्य आपण होऊन कर्तरी केले आणि त्यात खरेदीदाराला आणून उभे केले. यंत्राला हे कारण ठाऊक नव्हते. पण त्याची रेघ कामास आली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

राहिलेल्या रेघांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘लाख’ हा शब्द, १,५०,००० असा स्वल्पविराम घालून लिहिलेला आकडा, ब्रिटिश पद्धतीने लिहिलेले एक वर्णलेखन, आणि ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड’ हे वाक्य, ही ती चार स्थळे. समिती हा समूह असला तरी सभासदांत मतभेद झाला असता ब्रिटिश इंग्रजीत अनेकवचनी क्रियापद चालते. अमेरिकन कानाला ते खटकते. हे चारही शेरे एकाच कारणाने आले होते. त्या यंत्रात भाषा म्हणून अमेरिकन इंग्रजी निवडलेली होती. ती बदलून भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी करताच चारही रेघा नाहीशा झाल्या. लिहावयास बसण्यापूर्वी हे एक पाहून घेतले असते, तर मुलीचा निम्मा धीर शाबूत राहिला असता. बाकी दोन खऱ्या चुका होत्या. एके ठिकाणी ‘द’ दोनदा पडला होता, आणि एके ठिकाणी ‘डिस्पाइट’पुढे नको असलेला ‘ऑफ’ आला होता. त्या यंत्राने पकडल्या. आमच्या डोळ्यांतून दोनदा आलेला तो ‘द’ निसटलाच असता, हे कबूल करतो.

आता वाचक म्हणेल, तेरापैकी दहा रेघा वृथा, तर असले यंत्र हवे कशाला? येथे एका साध्या हिशेबाकडे लक्ष वेधावेसे वाटते. समजा, एखादे यंत्र शंभर शुद्ध वाक्यांपैकी पाचांवर चुकून रेघ ओढते. एका नवशिक्या विद्यार्थ्याच्या शंभर वाक्यांत चाळीस अशुद्ध आहेत, आणि यंत्र त्यांतील तीस पकडते. उरलेल्या साठ शुद्ध वाक्यांवर तीन वृथा रेघा पडतील. तेहतीस रेघांपैकी तीस खऱ्या. विद्यार्थ्याने डोळे मिटून मान्य केल्या तरी बहुतांशी लाभच. आता तेच यंत्र एका सावध लेखकाच्या शंभर वाक्यांवर चालवा, ज्यांत अशुद्ध अशी दोनच आहेत. दोन्ही पकडली असे धरले, तरी अठ्ठ्याण्णव शुद्ध वाक्यांवर सुमारे पाच वृथा रेघा पडतात. सात रेघांपैकी दोन खऱ्या! यंत्र तेच, त्याची चुकण्याची रीतही तीच; लेखक सुधारला एवढ्यानेच रेघेची किंमत घसरली. जो जितके चांगले लिहितो, त्याने तितके अधिक या रेघांवर अविश्वास दाखविला पाहिजे. आणि दुर्दैव असे की, आपल्याकडे चांगले इंग्रजी लिहिणाराच परभाषेच्या धास्तीने त्यांना अधिक मान देतो.

ही गोष्ट या शास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक नाही असे नाही. अशा यंत्रांची तुलना करण्यासाठी ‘कॉनल’ या परिषदेच्या वतीने २०१३ व २०१४ साली स्पर्धा झाल्या. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे निबंध त्यांत वापरले होते. पहिल्या वर्षी, किती चुका सापडल्या आणि दाखविलेल्यांपैकी किती खऱ्या होत्या, या दोन्ही गुणांना सारखेच वजन होते. दुसऱ्या वर्षी ते बदलून, दाखविलेली चूक खरी असण्याला दुप्पट वजन देण्यात आले. एखादी चूक सुटणे परवडते, पण शुद्ध वाक्याला अशुद्ध म्हणणे परवडत नाही, असा त्या बदलाचा अर्थ. मात्र उलट बाजूही विसरू नये. अमेरिकेतील एक प्राध्यापक संदीप कृष्णमूर्ती यांनी २००५ साली मुद्दाम अत्यंत अशुद्ध इंग्रजी परिच्छेद रचून दाखविले होते की, त्या काळचे अतिशय प्रचलित यंत्र त्यांतील बहुतेक चुकांवर एकही रेघ ओढीत नाही. तेव्हा रेघ नाही म्हणून वाक्य शुद्ध, हेही खरे नव्हे.

निबंधाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. मुलीने मूळ प्रत पुढे घेतली, तीन खऱ्या चुका दुरुस्त केल्या, लिलावाचे वाक्य नवे लिहिले, आणि बागांच्या वाक्यात, पाठवावयाचे अमेरिकेत असल्यामुळे, ‘विच’च्या जागी स्वल्पविरामाशिवाय ‘दॅट’ घातले. ‘द ट्रेडर्स ऑफ नागपूर सेंड’ यावरची रेघ मात्र शेवटपर्यंत हटली नाही. “ही राहू दे का तशीच?” असे तिने विचारले. आम्ही म्हटले, “राहू दे; कागदावर ती उमटत नाही.”